साडेसातची मोटर कशासाठी हवी?

शेतकरी मोटरपंपाच्या दुकानात येतो आणि म्हणतो, "पाचची मोटर पुरत नाही, साडेसातची दाखवा." बहुतेक दुकानदार लगेच कंपन्या, वॉरंटी आणि भाव सांगू लागतात. पण शेतकऱ्यानं मागितलाय तो त्यानं स्वतःच ठरवलेला उपाय. अडचण काय आहे, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.

समजा, दुकानदारानं विचारलं, "दादा, पाणी नेमकं कुठं कमी पडतं?" उत्तर येतं, लांबच्या कांद्याच्या रानात. "आणि विहिरीजवळ?" तिथं धार जोरात आहे. एवढ्यावरून कळतं, की विहीर आणि मोटर बहुधा ठीक आहेत. "लांबचं रान चढावर आहे का?" नाही, सपाट आहे. "असं कधीपासून होतंय?" गेल्या वर्षी लाइन वाढवली तेव्हापासून. "किती फूट नेली, पाइप केवढा?" बाराशे फूट, अडीच इंची.

दुखणं इथं आहे. पाण्याचा जोर लांब, अरुंद पाइपातल्या घर्षणात संपतोय. त्याच पाइपावर मोठी मोटर बसवली तर पाणी थोडं वाढेल, पण केबल, स्टार्टर आणि वीजबिलाचा खर्चही वाढेल. तेवढंच पाणी तीन इंची पाइपातून नेलं तर घर्षण निम्म्याहून कमी होतं.

तरीही पाइपाचा भाव इतक्यात सांगू नये. "भरणं किती लांबतं?" हे आधी विचारावं. दोन दिवसांचं काम चार दिवसांवर गेलं आणि कांद्याला ताण बसला, हे शेतकरी स्वतः बोलला की पाइपाच्या खर्चाची तुलना तो पिकाच्या नुकसानीशी करतो.

नील रॅकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विक्रीच्या सुमारे ३५,००० भेटी अभ्यासल्या. त्यावरचं त्यांचं 'स्पिन सेलिंग' हे पुस्तक १९८८ साली आलं. त्यांनी प्रश्नांचा क्रम असाच मांडला: आधी परिस्थिती, मग अडचण, मग तिचे परिणाम आणि शेवटी ती सुटल्यास होणारा फायदा. मोठ्या खरेदीत यशस्वी विक्रेते परिस्थितीचे प्रश्न मोजकेच विचारतात, असंही त्यांना दिसलं. माहितीच्या प्रश्नांची सरबत्ती झाली की गिऱ्हाईक कंटाळतं.

दुसरी चूक म्हणजे उत्तर सुचवणारा प्रश्न. "तुम्हाला जास्त पाणी हवंय ना?" याला सगळेच हो म्हणतात, त्यातून काही कळत नाही. आपल्याला अडचण समजली का, हे तपासायला ती गिऱ्हाइकाच्याच शब्दांत परत सांगावी. "बरोबर, हेच होतंय," असं तो म्हणाला तरच पुढं जावं. त्यानं "तसं नाही" म्हटलं, तर पुन्हा विचारावं.

दोन रुपयांच्या वायसरसाठी एवढी चौकशी नको. पण हजारोंचा माल विकताना दुकानदारांनी कॅटलॉग उघडण्याआधी "नेमकं काय होतंय?" हे विचारावंच. आणि दुकानदार विचारत नसेल, तर गिऱ्हाइकानं आपली अडचण आधी सांगावी, वस्तूचं नाव नंतर.