यादीत बसतो, मग खिशात का बसत नाही? चौघांच्या किराण्याचा हिशेब असा मांडा

महिन्याच्या पहिल्या रविवारी भरलेल्या सामानाचे बिल पाच हजारांच्या आत येते. घरातल्यांना वाटते, किराणा आटोक्यात आहे. वीस-बावीस तारखेला मात्र हात आखडता घ्यावा लागतो. सफरचंदे 'पुढच्या महिन्यात' जातात, अंडी डझनाऐवजी सहा येतात, डाळ जरा पातळ होते. कात्री लागते ती पोषणाला. पैसे मात्र तिथे गेलेलेच नसतात. ते नेमके कुठे गेले, हे शोधायचे तर आधी चार माणसांच्या घराला खरोखर किती लागते, हे ठाऊक हवे.

अंदाज बिलावरून नको, डब्यावरून हवा

बहुतेक घरांत मागच्या महिन्याचे बिल हेच या महिन्याचे अंदाजपत्रक असते. त्या बिलातून आपण काय विकत घेतले ते कळते, काय वापरले ते कळत नाही. मागचे दोन किलो बेसन तसेच पडून असेल, तरी पुढच्या यादीत बेसन येतेच.

वापर मोजण्याची रीत सोपी आहे. महिन्याच्या सुरुवातीला डब्यात होते ते, अधिक महिनाभरात आणले ते, वजा शेवटी उरले ते. एवढेही जमत नसेल तर पाकीट फोडताना त्यावर पेनने तारीख टाकावी. तेलाची पिशवी ३ तारखेला फोडली आणि १० तारखेला संपली, तर महिन्याला चार पिशव्या लागतात, हे वेगळे मोजावे लागत नाही.

रोजच्या स्वयंपाकावरूनही हिशेब निघतो. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. डबे आणि दोन वेळचे जेवण धरून घरात रोज १६ पोळ्या होत असतील, तर ४८० ग्रॅम कणीक, म्हणजे महिन्याला जवळपास १५ किलो गहू. रोज पाव किलो तांदूळ शिजत असेल तर महिन्याचे साडेसात किलो. रोज १०० ग्रॅमची एक वाटी तूरडाळ म्हणजे तीन किलो.

तेलासाठी एक मोजमाप तयार आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाला माणशी साधारण २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसे असते. चौघांचे महिन्याचे ३,२४० ग्रॅम होतात. लिटरभर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, त्यामुळे हे साडेतीन लिटरच्या आसपास येते. महिन्याला पाच-सहा लिटर तेल संपत असेल, तर खर्चाबरोबर तळणाचाही विचार करायला हवा.

एक नमुना हिशेब

उदाहरणासाठी पिंपरी-चिंचवडमधले एक चौकोनी कुटुंब धरले आहे. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, एक मूल नववीत, दुसरे चौथीत. जेवण शाकाहारी, अंडी चालतात. दर नमुन्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने तिथे आपल्या दुकानातले दर घालावेत. त्यांचा महिन्याचा हिशेब असा होतो:

- गहू १५ किलो, तांदूळ साडेसात किलो, ज्वारी ३ किलो आणि दळण: १,२६० रुपये
- तूरडाळ ३ किलो, कडधान्ये २ किलो: ६१० रुपये
- तेल ४ लिटर: ६४० रुपये
- साखर, गूळ, चहा: ५६० रुपये
- पोहे, रवा, बेसन, शेंगदाणे, मीठ-मसाले: ९६० रुपये
- साबण, कपड्यांची व भांड्यांची पावडर, टूथपेस्ट: ९०० रुपये
- दूध, रोज दीड लिटर: २,७०० रुपये
- भाजी, कांदे-बटाटे: २,१०० रुपये
- फळे: १,२०० रुपये
- अंडी ५ डझन: ४२० रुपये

एकूण ११,३५० रुपये. त्यातले किराणा दुकानाचे बिल पाच हजारांच्या आतच आहे. उरलेले दूध, भाजी, फळे आणि अंडी यांवर जातात. हे पैसे रोज थोडेथोडे दिले जात असल्याने त्यांची बेरीज कुणी करत नाही. 'आमचा किराणा पाच हजार' हे वाक्य म्हणूनच निम्मेच खरे असते. दळणाचे पैसेही असेच सुटतात. गहू आणि ज्वारी मिळून १८ किलोचे, किलोला पाच रुपयांप्रमाणे, नव्वद रुपये होतात.

आता प्रत्यक्ष खर्च. या कुटुंबाने महिनाभर प्रत्येक खरेदी लिहिली, तर बेरीज १४,११० रुपये आली, असे धरू या. फरक २,७६० रुपयांचा. गहू-तांदूळ-डाळींचा खर्च अंदाजाप्रमाणेच राहिला. फरक पडला तो तीन ठिकाणी.

पहिली गळती: मधल्या तेरा खेपा

सर्वांत मोठा आकडा इथला, १,५३० रुपये. महिनाभरात तेरा वेळा कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले किंवा मोबाइलवरून सामान मागवले. प्रत्येक खेप सरासरी ११८ रुपयांची, म्हणून कुणाच्याच डोळ्यांत भरली नाही.

या रकमेतले ५०० रुपये ब्रेड, पनीर, दह्याची पाकिटे अशा खरोखर लागणाऱ्या वस्तूंचे होते. १३० रुपये घरपोच आणण्याच्या आणि हाताळणीच्या शुल्कात गेले. उरलेले ९०० रुपये बिस्किटे, वेफर्स, थंड पेये, झटपट नूडल्स आणि आइस्क्रीमचे. यातले बरेचसे आधी ठरवलेले नव्हते. साठ रुपयांचे पनीर मागवताना घरपोच शुल्क वाचावे म्हणून दीडशेचा आणखी खाऊ टोपलीत पडतो. पंचवीस रुपये वाचवण्यासाठी दीडशे खर्च होतात.

हे एकट्यादुकट्या घराचे नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी सुमारे ४० टक्के वाटा खाण्यापिण्याचा होता. त्यात सर्वांत मोठा गट धान्याचा किंवा दुधाचा नव्हता. पेये, तयार खाऊ आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा होता, एकूण खर्चाच्या सुमारे ११ टक्के. बाहेरून आणलेले शिजवलेले जेवणही या गटात धरले जाते.

ही गळती शोधायला वही नसली तरी चालते. यूपीआयच्या ॲपमध्ये मागच्या महिन्याचे व्यवहार उघडून दुकाने आणि डिलिव्हरी ॲपना दिलेल्या २०० रुपयांखालच्या रकमा कागदावर उतरवाव्यात. पाच-दहा मिनिटांत चित्र दिसते. रोखीने दिलेले पैसे मात्र त्यात येत नाहीत, ते वेगळे आठवावे लागतात.

दुसरी गळती: घरात असलेलेच पुन्हा

यात ६४० रुपये गेले. घरात दीड किलो बेसन असताना 'दोनवर एक मोफत' म्हणून आणखी तीन पाकिटे आली, सॉसची दुसरी बाटली आली, कपड्यांच्या पावडरीचे मोठे पाकीट आले. पावडर खराब होत नाही, ती पुढच्या महिन्यात कामी येते, त्यामुळे तिथे पैसे फक्त अडकले. बेसन-रव्याचे तसे नाही. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात रव्याला जाळी धरते आणि मोफतचे पाकीट कचऱ्यात जाते.

मोठे पाकीट स्वस्तच असते, असेही नाही. पाकिटावर एमआरपीसोबत प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दरही छापलेला असतो. तुलना त्या आकड्याची करावी. तेलाबाबत हे विशेष लागू आहे, कारण एक लिटरसारखी दिसणारी पिशवी कमी वजनाचीही असते. शेजारची पिशवी बारा रुपयांनी स्वस्त दिसली, तर आधी तिचे वजन वाचावे.

तिसरी गळती: महिन्यात न मावणारा खर्च

उरलेले ५९० रुपये दोन रविवारच्या पाहुणचाराचे. त्यात उधळपट्टी काही नाही. पाहुणे येणारच आणि श्रीखंड आणले जाणारच. चूक असते ती हा खर्च 'या महिन्यापुरताच' मानण्याची. पुढच्या महिन्यात पाहुणे नसतील तर उपवासाचा साबुदाणा-वरई असते, त्यापुढे गणपती, मग दिवाळीचा फराळ.

असे खर्च वर्षाचे मोजून बारांनी भागावेत. नमुना कुटुंबाचा दिवाळीचा जादा खर्च ३,६०० रुपये, गणपतीचा १,२००, आणि उन्हाळ्यातले तिखट, मसाला, पापड-कुरडयांचे साठवण ३,६०० धरले, तर वर्षाचे ८,४०० होतात. महिन्याला ७०० रुपये वेगळे काढले की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फराळासाठी उसने घ्यावे लागत नाहीत.

वर्षाचा गहू एप्रिल-मेमध्ये भरणाऱ्या घरांनीही हेच करावे. नाहीतर अकरा महिने किराणा स्वस्त वाटतो आणि एका महिन्यात डोंगर कोसळतो.

मग खरा आकडा कोणता?

या कुटुंबाने ११,३५० रुपयेच धरून बसण्यात अर्थ नाही, दुसऱ्या आठवड्यातच तो आकडा मोडेल. मूळ ११,३५०, सण-साठवणीचे ७०० आणि मधल्या खरेदीतले खरोखर लागणारे ५००, असे मिळून १२,५५० रुपये होतात. हा पाळता येण्याजोगा आकडा आहे. मुलांचा खाऊ आणि एरवीचे पाहुणे हवेत तर तेही लिहावेत, पण रकमेसह. खाऊला ४०० आणि पाहुण्यांना ३०० रुपये ठरवले, तरी एकूण १३,२५० होतात आणि आधीच्या खर्चातून साडेआठशेहून अधिक वाचतात.

हा हिशेब सगळीकडे जसाच्या तसा लागू होणार नाही. मासे-मटण खाणाऱ्या घरात एक वेगळी ओळ लागेल. घरात बाळ किंवा पथ्यावरचे आजी-आजोबा असतील तर दूध-फळांची रक्कम बदलेल. रेशनचे धान्य मिळत असेल तर पहिली ओळ बरीच खाली येईल. भाजीचा दर तर महिन्यामहिन्याला हलतो, म्हणून तिथे मागच्या तीन महिन्यांची सरासरी घ्यावी.

हिशेब बसला की नाही, याची खूण विसाव्या तारखेला दिसते. त्या दिवशी निदान दूध, भाजी, फळे आणि अंड्यांचे दहा दिवसांचे पैसे हातात असायला हवेत. बहुतेक किराणा महिन्याच्या सुरुवातीलाच भरला जातो, म्हणून १२,५५० च्या हिशेबात प्रत्यक्षात सव्वादोन हजार उरले तरी चालते. त्याहून कमी असतील, तर फळे बंद करण्याआधी मधल्या खेपा मोजाव्यात. नमुना कुटुंबात महिन्याची फळे १,२०० रुपयांची होती आणि न ठरवता आलेला खाऊ ९०० रुपयांचा.