आकृती फिरली की उलटली?

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत आकृत्यांची मालिका येते. मोबाइलवर तिचा फोटो पाहताना आधी प्रत्येक आकृतीतल्या रेघा आणि ठिपके मोजा. संख्या वाढत असेल तर भर पडते आहे. मागच्या पानाची उमटलेली शाई मात्र मोजू नका.

संख्या तीच असेल, तर खरा पेच सुरू होतो. उभी काठी, तिच्या वरच्या टोकाला उजवीकडे झेंडा. पुढच्या चौकटीत झेंडा खाली आहे. काठीच्या मोकळ्या टोकाकडून झेंड्याकडे आपण चालतो आहोत असं समजा. पहिल्या आकृतीत झेंडा उजव्या हाताला येतो. दुसरीत तो खाली डावीकडे असला तरी खाली तोंड करून चालणाऱ्याच्या तो उजव्याच हाताला. म्हणजे आकृती १८० अंशांनी फिरली. खाली उजवीकडे असेल तर हात बदलला, ती पाण्यातली प्रतिमा. साध्या बाणाला असा हात नसतो, तिथे तिसरी चौकट पाहावीच लागते.

फोटो तिरका असला तरी सगळ्या आकृत्या सारख्याच कलतात, म्हणून कोन चौकटीच्या कडेवरून मोजा. सेल्फी कॅमेऱ्याने फोटो आरशासारखा उलटा आला असेल, तर घड्याळाच्या दिशेचं फिरणं विरुद्ध दिसतं. प्रश्नक्रमांक सरळ वाचता येतो का, ते आधी बघा.