गल्लीतला दवाखाना गूगलवर नेमका कसा मांडावा?

पूर्वी नव्या भागात राहायला गेलेले कुटुंब शेजाऱ्यांना विचारायचे, "इथे जवळ चांगला डॉक्टर कोण?" आता तोच प्रश्न आधी मोबाइलला विचारला जातो. आपल्या मंडळींत दवाखाना चालवणारी अनेक घरे आहेत. त्यांच्यासाठी गूगलवरच्या नोंदीतील दोनच गोष्टींकडे आज पाहू: वर्ग आणि वर्णन.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेळगावच्या टिळकवाडीत पती-पत्नीचा दवाखाना आहे. पती एम.बी.बी.एस., पत्नी बालरोगतज्ज्ञ. नोंद करताना पुतण्याने मुख्य वर्ग म्हणून 'Hospital' निवडले, कारण तो शब्द मोठा वाटला. मग रात्री अकरा वाजता फोन येऊ लागले, "बेड आहे का?" आणि मुलाला ताप आला म्हणून जवळचा डॉक्टर शोधणाऱ्या आईला मात्र हा दवाखाना दिसेना.

असे होण्याचे कारण सरळ आहे. जवळच्या शोधात गूगल तीन गोष्टी पाहते: शोधाशी जुळणी, अंतर आणि ठिकाण किती परिचित आहे. अंतर आपल्या हातात नाही. परिचय वाढायला वेळ लागतो. जुळणी मात्र आपण सुधारू शकतो आणि तिच्यात मुख्य वर्गाचे वजन मोठे असते.

वर्ग मनाने लिहिता येत नाही, तो गूगलच्या ठरलेल्या यादीतूनच घ्यावा लागतो. मुख्य वर्ग एकच असतो आणि त्याशिवाय नऊपर्यंत जादा वर्ग जोडता येतात. पण नऊ जागा आहेत म्हणून त्या भरायच्या नसतात. गूगलची कसोटी सोपी आहे: आपले ठिकाण काय 'आहे' ते सांगा, तिथे काय काय 'मिळते' ते नव्हे. या दवाखान्यात रक्ताचे नमुने घेऊन बाहेर पाठवतात. म्हणून तो 'Medical laboratory' होत नाही. शेजारचे औषधांचे दुकान दुसऱ्याच्या मालकीचे असेल तर त्याची नोंद त्यानेच वेगळी करायची.

म्हणून आपल्या उदाहरणात मुख्य वर्ग 'Medical clinic' आणि जादा वर्ग 'General practitioner' हे पुरेसे आहे. दवाखान्यात एकाहून अधिक डॉक्टर असल्याने बालरोगतज्ज्ञ बाईंना त्याच पत्त्यावर स्वतःची वेगळी नोंदही करता येते. तिचा मुख्य वर्ग 'Pediatrician' ठेवावा. तिथे फक्त त्यांचे नाव आणि त्या भेटतात तीच वेळ द्यावी. दवाखान्याच्या नावातही पाटीवर आहे तेवढेच लिहावे. "टिळकवाडीतील उत्तम बालरोग डॉक्टर" असे शेपूट जोडले तर नियमभंग होतो आणि नोंद बंदही पडू शकते.

आता वर्णन. त्याला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात "माझ्या जवळचा डॉक्टर" पाच वेळा लिहून दवाखाना यादीत वर चढत नाही. वर्णन हे नोंद उघडलेल्या माणसाला निर्णय घेता यावा म्हणून असते, त्यामुळे कामाची माहिती पहिल्या दोन वाक्यांत यावी. उदाहरणार्थ:

"टिळकवाडीतील हा दवाखाना लहान मुले आणि मोठी माणसे, दोघांसाठी आहे. ताप-खोकला, रक्तदाब व मधुमेहाची नियमित तपासणी आणि मुलांचे लसीकरण येथे होते. मराठी, कन्नड व हिंदीत बोलता येते. दाखल करून घेण्याची सोय नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही."

शेवटची दोन वाक्ये उणी वाटतील, पण गुडघेदुखीच्या आजींची फेरी आणि रात्रीचा व्यर्थ फोन तीच वाचवतात. वर्णनात फोन नंबर किंवा वेळ लिहू नये, त्यासाठी वेगळे रकाने आहेत. सवलतींच्या जाहिराती आणि संकेतस्थळाचे दुवे तिथे चालत नाहीत. "मधुमेह कायमचा बरा" असे तर कधीच लिहू नये. अशा दाव्यांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने निषिद्ध आहे. डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढणे व्यावसायिक आचारसंहितेलाही मान्य नाही. म्हणून साधी माहितीच बरी.

बदल करण्यासाठी नोंदीच्या खात्यातून गूगलवर दवाखान्याचे नाव शोधावे आणि 'Edit profile' उघडावे. वर्ग बदलल्यावर गूगल कधी कधी पुन्हा पडताळणी मागते, म्हणून ऐन साथीच्या दिवसांत हे काम काढू नये.

परिणाम पाहताना दवाखान्यात बसून शोधू नये. तिथे अंतर शून्य असल्याने आपण वर दिसणारच. दोन किलोमीटरवरच्या नातेवाइकाला "बालरोगतज्ज्ञ" आणि "clinic near me" असे शोधायला सांगावे. शिवाय 'Performance' या भागात लोकांनी कोणते शब्द शोधल्यावर आपली नोंद दिसली ते कळते. त्या यादीत 'hospital' मागे पडून डॉक्टर, ताप, लसीकरण असे शब्द येऊ लागले, की वर्ग बरोबर बसला असे समजावे.