1.10 म्हणजे 1.1 नव्हे

सोसायटीच्या इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली की सल्लागार अभियंता कामांची यादी पाठवतो. यादी बहुधा वर्डमध्ये किंवा पीडीएफमध्ये असते. पंधरा-वीस पानं, मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांच्याही पोटातले मुद्दे. वाचायला ती बरी असते. पण तीन कंत्राटदारांचे दर शेजारी-शेजारी मांडायचे म्हटले की शीट लागते. मग कमिटीतलं कुणीतरी सगळी यादी कॉपी करून शीटमध्ये चिकटवतं आणि थोड्या वेळात लक्षात येतं की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा क्रमांक 1.10 होता तो 1.1 झालाय. 1.1 म्हणजे तर बाहेरच्या भिंती.

इथे शीटचा काही दोष नाही. तिच्या लेखी 1.10 हा दशांश आकडा, आणि त्यातलं शेवटचं शून्य निरर्थक. यादीच्या लेखी मात्र तो पहिल्या भागातला दहावा मुद्दा. कंसातल्या क्रमांकाची गत आणखी वाईट होते. एक्सेलमध्ये (1) टाइप करा, घरात -1 दिसेल, कारण हिशेबनीसांच्या रिवाजात कंस म्हणजे वजाबाकी. 1-2 लिहिलं तर तारीख होऊन बसते. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की क्रमांक हा मजकूर आहे, त्याला शेवटपर्यंत आकडा होऊ द्यायचं नाही.

आता एक नमुना घेऊ. यादीचा तुकडा असा आहे असं समजा:

```
1. बांधकाम दुरुस्ती
1.1 बाहेरील भिंती
1.1.1 जुना गिलावा काढणे
1.1.2 नवीन गिलावा करणे
20 मिमी जाडी, दोन थरांत
1.2 छज्जे
```

यातून आपल्याला तीन रकाने हवे आहेत: स्तर, क्रमांक आणि शीर्षक. ‘जुना गिलावा काढणे’ या ओळीचा स्तर 3, क्रमांक 1.1.1 आणि शीर्षक उरलेला मजकूर. दहा ओळी असतील तर हाताने करा, उगाच सूत्रांच्या नादी लागू नका. दोनशे असतील तर पुढे वाचा.

मजकूर वर्डमध्ये असेल तर आधी एखाद्या क्रमांकावर क्लिक करून पाहा. क्रमांक करडा झाला आणि कर्सर त्याच्या आत शिरेना, तर ते आकडे वर्डने आपोआप घातलेले आहेत. ते मजकुराचा भाग नसतातच, दर वेळी मोजून दाखवले जातात. अशी यादी थेट शीटमध्ये नेऊ नका, आधी नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रमांक साधा मजकूर होऊन उतरतात. मात्र क्रमांक आणि शीर्षक यांच्यामध्ये टॅब येतो, आणि घात तोच करतो. टॅब दिसला की शीट ओळीचे दोन रकाने करते. मग पहिल्या रकान्यात एकटा पडलेला 1.10 लगेच 1.1 होतो. म्हणून नोटपॅडमध्येच सगळ्या टॅबच्या जागी एकेक स्पेस घाला: एक टॅब कॉपी करून Replace च्या खिडकीतल्या वरच्या चौकटीत चिकटवायचा आणि खालच्या चौकटीत स्पेस द्यायची. आता ‘1.10 गच्ची वॉटरप्रूफिंग’ ही सलग ओळ एकाच घरात जाईल. शब्द सोबत असल्यामुळे तिला कुणी आकडा समजणार नाही.

यादीत देवनागरी आकडे असतील तर तेही इथेच बदलून घ्या. १ च्या जागी 1, असं दहा वेळा. कंटाळवाणं आहे, पण पुढची सूत्रं फक्त 0 ते 9 ओळखतात.

मी गूगल शीट्स धरून चाललो आहे, कारण ती फुकट आहे आणि कमिटीतल्या सगळ्यांना एकाच वेळी उघडता येते. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं लिहा आणि A2 पासून खाली यादी चिकटवा. B मध्ये ओळ स्वच्छ करून घ्यायची:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

यातला CHAR(160) म्हणजे न तुटणारी स्पेस. वर्ड आणि पीडीएफमधून ती गुपचूप येते, दिसायला साध्या स्पेससारखीच, पण TRIM तिला हात लावत नाही. सूत्र बरोबर असूनही एखादीच ओळ हट्टाने चुकत असेल, तर पहिला संशय हिच्यावर घ्यावा.

क्रमांक D मध्ये काढू. C स्तरासाठी राखून ठेवू, पण स्तर क्रमांकावरूनच निघतो, म्हणून आधी हे:

```
=IFERROR(REGEXEXTRACT(B2,"^[0-9.]*[0-9]"),"")
```

अवतरणातल्या चिन्हांचा अर्थ साधा आहे. ओळीच्या अगदी सुरुवातीपासून आकडे आणि टिंबं घेत जा, पण थांबायचं ते आकड्यावर. या शेवटच्या अटीमुळे ‘1. बांधकाम दुरुस्ती’ मधून ‘1.’ न येता नुसता 1 येतो. ही बाब बारीक वाटेल, पण तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे, कारण स्तर आपण टिंबं मोजून ठरवणार आहोत. शेपटीला एक टिंब जास्त राहिलं तर मुख्य भाग उपभाग होतो. आणखी एक सोय अशी की हे सूत्र मजकूरच परत देतं, त्यामुळे 1.10 चं शून्य शाबूत राहतं.

C मध्ये स्तर आणि E मध्ये शीर्षक:

```
=IF(D2="","",LEN(D2)-LEN(SUBSTITUTE(D2,".",""))+1)
=TRIM(REGEXREPLACE(B2,"^[0-9.]*[0-9][.)]*",""))
```

स्तराचं सूत्र टिंबांसकट लांबी मोजतं, त्यातून टिंबांविना लांबी वजा करतं आणि एक मिळवतं. 1.1.2 मध्ये टिंबं दोन, म्हणून स्तर तीन. शीर्षकाचं सूत्र क्रमांक आणि त्याला चिकटलेलं टिंब किंवा कंस उडवून बाकीचं ठेवतं. चारही सूत्रं खालपर्यंत ओढली की तीन रकाने तयार होतात. बरेच जण इथेच थांबतात.

पण नमुन्यातली पाचवी ओळ पाहा. ‘20 मिमी जाडी, दोन थरांत’ हा स्वतंत्र मुद्दा नाही, वरच्याच ओळीचं शेपूट आहे. पीडीएफमध्ये छापील ओळ जिथे संपते तिथे मजकूर तुटतो, म्हणून अशी शेपटं पीडीएफमध्ये जास्त. शेपूट शब्दाने सुरू झालं तर क्रमांकाचं घर रिकामं राहतं आणि ते लगेच दिसतं. आकड्याने सुरू झालं तर आपलं सूत्र त्याला खुशाल ‘मुद्दा क्रमांक 20, स्तर 1’ करतं. बांधकामाच्या यादीत मिलीमीटर, मीटर, इंच आणि किलो पावलोपावली येतात, तेव्हा हा काही क्वचितचा प्रसंग नाही.

दोनशे ओळींत हे डोळ्यांनी शोधणं अवघड. पण यादीला स्वतःची शिस्त असते. 1.1.2 यायचा तर त्याआधी 1.1.1 येऊन गेलेला हवा, आणि 1.1.1 यायचा तर 1.1. म्हणजे प्रत्येक क्रमांकाचा आधीचा कोण हे ठरलेलं आहे. F मध्ये तो काढू:

```
=IF(D2="","",IF(REGEXMATCH(D2,"(^|\.)1$"),
 REGEXREPLACE(D2,"\.?1$",""),
 REGEXREPLACE(D2,"[0-9]+$","")&(REGEXEXTRACT(D2,"[0-9]+$")-1)))
```

आणि तो वरच्या ओळींत आहे का, हे G मध्ये:

```
=IF(F2="","",IF(ISNUMBER(MATCH(F2,D$1:D1,0)),"","तपासा"))
```

20 च्या आधी 19 हवा. तो नाही, म्हणून पाचव्या ओळीसमोर ‘तपासा’ उमटतं. एखादा मुद्दा टाइप करताना गळला असेल, किंवा 3.4 च्या जागी 3.5 पडला असेल, तरी हेच सूत्र बोट दाखवतं. अशी चूक निघाली की ती परस्पर दुरुस्त करू नये, अभियंत्याला विचारावं. क्रमांक चुकला आहे की मुद्दाच गळला आहे, हे तोच सांगू शकेल.

इथे MATCH च्या जागी COUNTIF वापरण्याचा मोह होतो, तो आवरा. COUNTIF आकड्यासारखा दिसणारा मजकूर आकडा म्हणून तोलतो, आणि मग 1.1 व 1.10 त्याला एकच वाटतात.

एका ठिकाणी ही तपासणीही फसते. 2.4 च्या मजकुराचं शेपूट नेमकं ‘2.5 मीटर उंचीपर्यंत’ असं असलं तर 2.4 वर आहेच, मग ते बिनबोभाट आत शिरतं. पुढे खरा 2.5 आल्यावर तो क्रमांक दोनदा दिसतो, तेवढाच काय तो पुरावा. म्हणून शेवटी एकदा E रकाना वरून खाली वाचून काढावा. ‘मीटर’ किंवा ‘मिमी’ने सुरू होणारं शीर्षक नजरेत भरतं.

सापडलेली शेपटं A रकान्यातच वरच्या ओळीला जोडा आणि रिकामी झालेली ओळ पूर्ण काढून टाका. सूत्रं आपोआप सावरतात.

स्तराचा रकाना वेगळा कशासाठी, हे रकमा भरल्यावर कळतं. काही कंत्राटदार प्रत्येक कामाची रक्कम लिहितात आणि वर शीर्षकापुढे त्या भागाची बेरीजही लिहितात. सरळ बेरीज मारली की सगळं दुप्पट. ओळ शीर्षक आहे की प्रत्यक्ष काम, हे खालच्या ओळीचा स्तर पाहून ठरतं: खालची ओळ जास्त खोल असेल तर ही शीर्षक. H मध्ये हे लिहा आणि रकमा I मध्ये घ्या:

```
=IF(N(C3)>C2,"शीर्षक","काम")
```

मग बाहेरील भिंतींचा एकूण खर्च असा निघतो:

```
=SUMIFS(I:I,D:D,"1.1.*",H:H,"काम")
```

1.1 नंतरचं टिंब विसरू नका. ते गाळलं तर 1.10 आणि 1.11 मधली कामंही भिंतींच्या खर्चात जमा होतील.

अजून एक गोष्ट. D रकान्यावर क्रम लावला तर 1.10 हा 1.2 च्या वर जाऊन बसतो, कारण मजकूर अक्षरागणिक लावला जातो. म्हणून कुठलीही उलथापालथ करण्याआधी, सूत्रांच्या जागी नुसत्या किमती घेतलेल्या प्रतीत, 1, 2, 3 असा साध्या अनुक्रमाचा रकाना जोडून ठेवावा. मूळ क्रम त्यावरून परत लावता येतो. ही प्रत करताना क्रमांकाच्या रकान्याला आधी Format > Number > Plain text द्यायचं, मग Ctrl+Shift+V ने किमती चिकटवायच्या.

कंत्राटदारांना पाठवताना मी एक्सेलची फाइल पाठवतो, सीएसव्ही नाही. सीएसव्हीमध्ये रकान्याचा प्रकार साठवला जात नाही. समोरच्याने ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की 1.10 पुन्हा 1.1. सीएसव्हीच हवी असा कुणाचा आग्रह असेल, तर ती एक्सेलच्या Data मेनूतल्या From Text/CSV ने घ्यायला सांगावी आणि क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार Text निवडायला सांगावा.