पिवळा झाला म्हणजे पिकला का?

एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या घरी दोन डझन हापूसची पेटी आली. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक, पण पेटी उघडल्यावर वासच नाही. एक कापला, तर कोयीजवळचा गर पांढरट, कडक आणि आंबट. पेटीच्या तळाशी करड्या खड्यांची कागदी पुडी निघाली. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या अशाच ठेवतात.

बाजारातला बहुतेक आंबा झाडावर पिकलेला नसतोच. तयार कैरी उतरवून गवताच्या आढीत ठेवली की ती स्वतःच इथिलीन वायू सोडते आणि आठ-दहा दिवसांत आतून पिकते. पिकवण केंद्रांत हाच वायू 100 पीपीएमपर्यंत वापरायला परवानगी आहे, त्याला घाबरू नये. बंदी आहे ती कार्बाइडवर. ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन निघतो. त्याने साल पिवळी होते, पण कैरी कोवळी असेल तर गर कच्चाच राहतो. शिवाय कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. त्याने तोंडात जळजळ, मळमळ, उलट्या होऊ शकतात. सर्वाधिक धोका ते रोज हाताळणाऱ्यांना.

मग ओळखायचे कसे? देठाशी नाक न्या. आढीतल्या आंब्याला गोड वास येतो आणि पेटीतले आंबे थोडे मागेपुढे पिकतात. वास नाही आणि रंग मात्र सगळ्यांचा सारखा, तर शंका घ्या. पण ही खात्री नव्हे. पक्के उत्तर प्रयोगशाळाच देते. पाण्यात तरंगणारा आंबा बहुधा कोवळा उतरवलेला असतो, त्यावरून कार्बाइड कळत नाही. हापूसच्या गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग हा 'साका'ही असू शकतो. तो फळातला नैसर्गिक दोष आहे, त्याचे खापर विक्रेत्यावर फोडू नका.

यातून सुटायचा साधा मार्ग म्हणजे कच्ची पेटी घेणे. देठाजवळचे खांदे भरलेले आणि देठ किंचित खळग्यात असलेले फळ तयार समजा. गवतात किंवा कागदात एकेरी थर लावून हवेशीर खोलीत ठेवा आणि पिकेपर्यंत फ्रिजमध्ये घालू नका. जो विक्रेता कच्चा माल द्यायला तयार असतो, आंबा कोणत्या गावचा हे सांगतो आणि खराब फळ बदलून देतो, तो धरून ठेवा.

हापूस एप्रिल-मेमध्ये थेट बागायतदाराकडून किंवा पणन मंडळाच्या आंबा महोत्सवातून घ्या. कर्नाटकचा हापूसही चांगला असतो, पण तो 'देवगड' म्हणून विकला जाऊ नये. पायरी फार टिकत नाही, तेव्हा ती जवळच्या विक्रेत्याकडून थोडी थोडी आणा. केशरसाठी मे-जूनमध्ये गीरचा किंवा मराठवाड्याचा माल विचारा. लंगडा, दशहरी उत्तरेकडून जूनमध्ये येतात. एप्रिलमध्येच पिवळे दिसले तर थांबा.

आणि कोणताही आंबा खाण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साल चोखायची सवय असेल, तर हे विसरू नका.