काजव्यांच्या हंगामातली खोली

मे सरता सरता भंडारदरा, पुरुषवाडी भागात काजवे चमकू लागतात आणि अकोले तालुक्यातल्या घरगुती निवासांचे शनिवार भरतात. अशा वेळी निवासाच्या वेबसाइटवरच्या कॅलेंडरची खरी परीक्षा होते.

कॅलेंडरने दिवस नव्हे, रात्री मोजायला हव्यात. समजा, एक कुटुंब शुक्रवारी ५ जूनला येऊन रविवारी ७ जूनला जाणार आहे. खोली ५ आणि ६ या दोनच रात्री अडते. ७ तारीख मोकळीच दिसली पाहिजे. अनेक वेबसाइट जाण्याचा दिवसही बंद करतात आणि रविवारी येणारा पाहुणा हकनाक परत जातो.

दुसरी गफलत विचारणेची. फॉर्म आला म्हणून तारीख लगेच बंद करू नये, पण दुसऱ्यालाही ‘मोकळी’ म्हणून दाखवू नये. मधली अवस्था ठेवावी: ‘विचारणा सुरू’. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे २४ तासांत वगैरे, आगाऊ रक्कम न आल्यास तारीख आपोआप सुटावी. फोनवरचं बुकिंग मात्र मालकानेच तिथल्या तिथे नोंदवायला हवं, नाहीतर एकाच खोलीच्या दारात दोन कुटुंबं उभी राहतात.

दर माणशी की खोलीमागे, जेवणासह की त्याविना, हे आकड्याशेजारीच लिहावं. फोटोंमध्ये न्हाणीघरही दाखवावं. फोनवर पहिली चौकशी बहुधा त्याचीच होते.