कुंकू, मेंदी आणि मेणाचे डाग : आधी हात आवरा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे घरोघर हळदीकुंकू चालतं, आणि ठेवणीतल्या साड्या बाहेर निघतात. आज मी त्या साड्यांवर पडणाऱ्या तीन डागांबद्दल बोलणार आहे. कुंकू, मेणबत्तीचं मेण आणि मेंदी. हा विषय घ्यायचं कारण आमच्याच गटात घडलं.

गेल्या वर्षी आमची एक ताई जावेची रेशमी साडी नेसून हळदीकुंकवाला आली होती. फिकट पिवळी साडी, हिरवे काठ. कोणाचा तरी धक्का लागला आणि करंड्यातलं कुंकू तिच्या निऱ्यांवर सांडलं. डाग होता रुपयाच्या नाण्याएवढा. बाजूला बसलेल्या मीच घाईने रुमाल पाण्यात बुडवला आणि खसाखसा पुसलं. बघता बघता नाण्याएवढ्या डागाचा तळहाताएवढा गुलाबी ओघळ झाला. साडी ड्रायक्लीनिंगला दिली. ओघळ फिका झाला, पण गेला नाही. तिथला माणूस म्हणाला, "ताई, कोरडं तसंच आणलं असतं तर झटकूनच निम्मं गेलं असतं." साडी दुसरीची होती, म्हणून ते वाक्य जास्तच लागलं.

तेव्हा मला कळलं की प्रत्येक डागाला पसरवणारी गोष्ट वेगळी असते. कुंकू पाण्याने पसरतं. मेण उष्णतेने पसरतं. मेंदी वेळ गेला की पक्की होते. डाग कशाचा हे पाहून, त्याला पसरवणारी गोष्ट आधी लांब ठेवायची.

कुंकवापासून सुरुवात करू. कोरडं कुंकू म्हणजे बारीक पूड. ती धाग्यांवर नुसती बसलेली असते, तोवर ती निघते. म्हणून पाणी नाही, बोट नाही, रुमाल नाही. उभं राहून डागाचा भाग हातात ताणून धरा आणि उलट बाजूने टिचक्या मारा, म्हणजे पूड खाली पडेल. उरलेली मऊ, कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झटका. सुती कापडावर चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली तरी चालते. रेशमावर आणि जरीवर चिकटपट्टी लावू नका, धागे ओढले जातात.

एवढं केल्यावरही रंग राहिला तर कुंकू कोणतं ते बघा. बशीत चिमूटभर कुंकू घ्या आणि वर लिंबाचे दोन थेंब टाका. पिवळं झालं तर ते हळदीचं कुंकू. हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि आंबट लागलं की परत पिवळी. म्हणूनच हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक दिसतो. घाबरू नका. सुती कापड असेल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोनतीन उन्हांत फरक दिसतो. बशीतलं कुंकू लालच राहिलं तर त्यात बाजारी रंग असू शकतो. तो पाण्यात सुटतो, म्हणून त्याला जास्त जपायचं.

असा रंग सुती कापडावरून काढताना खाली पांढऱ्या जुन्या कापडाची घडी ठेवा आणि डागाची सुलटी बाजू तिच्यावर पालथी घाला. आता उलट बाजूने, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये बुडवून पिळलेल्या कापसाने टिपा. पुसू नका, टिपा. कडेकडून मध्याकडे या. मधून बाहेर गेलात की डाग वाढलाच. खालच्या घडीवर रंग उतरला की घडीची कोरी बाजू वर घ्या. घडीवर रंग यायचा थांबला की साबणाने धुवा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा चूल, गॅस, समई लांब ठेवा.

कोणताही उपाय करण्याआधी साडीच्या आत खोचायच्या टोकावर करून बघा. ओलं पांढरं फडकं तिथे मिनिटभर दाबून धरा. फडक्याला साडीचाच रंग लागला तर घरचा उपाय तिथेच थांबवा. रेशमाच्या बाबतीत मी आणखी पुढे जाऊन सांगते. कोरडी पूड झटकून झाली की पुढचं काम ड्रायक्लीनिंगवाल्याचं. ओलं रेशीम नाजूक होतं, घासलं की तिथे पांढुरकी खरड दिसते, ती डागापेक्षा वाईट. आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याचं कडं रेशमावर वाळून राहतं. साडी देताना डाग कशाचा आहे आणि त्यावर आपण काय लावलं, हे न लाजता सांगा.

आता मेण. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आपल्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पुढे कित्येक दिवस गावंच्या गावं मेणबत्तीवर होती. चादरींवर मेणाचे ठिपके पडले नाहीत असं घर विरळाच. मेण गरम असताना बोट लावू नका, गोठू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटं ठेवलं की ते ठिसूळ होतं. मग चमच्याच्या पाठीने उचला. उरतो तो तेलकट ठसा. त्याच्या खाली आणि वर साधा, न छापलेला खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री दाबा. मेण साधारण साठ अंशांना वितळतं, जास्त ताव लागत नाही. कागदाला तेलकट डाग पडला की कागद बदला. वर्तमानपत्र वापरलं तर शाई उतरते. रेशमावर इस्त्री अगदी कमी तावावर, वर सुती फडकं ठेवून. पण मेणबत्ती रंगीत असेल, किंवा मेणाखाली कुंकू असेल, तर इस्त्री मुळीच नको. उष्णतेने रंग धाग्यात मुरतो. पूर्वी बायका कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू लावायच्या. तसा डाग पदराला लागला तरी हाच नियम.

शेवटी मेंदी, सगळ्यांत हट्टी. मेंदीचा रंग कातडीत आणि केसांत धरतो, आणि रेशीमही त्याच जातीचं, प्राण्यापासून आलेलं. म्हणून सुतीपेक्षा रेशमावर ती घट्ट बसते. ओला लगदा चमच्याने वर उचला, पसरवू नका. सुती कापड लगेच उलटं करून मागून थंड पाण्याची धार सोडा, मग साबण. गरम पाणी नको. लिंबूही नको. हातावरची मेंदी रंगावी म्हणून आपण लिंबू-साखर लावतो, तेच इथे डाग पक्का करतं. पांढऱ्या सुतीवर नारिंगी ठसा उरला तर औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पाच मिनिटं लावून धुवा. रंगीत कापडाचा मूळ रंग त्याने उडू शकतो. कपडे पांढरे करायचं ब्लीच रेशमाला कधीच लावू नका, त्याने रेशीम पिवळं पडतं आणि विरतं. रेशमावर मेंदी वाळली असेल तर डाग पूर्ण जाईलच असं नाही, हे आधीच मान्य करा.

यंदा आमच्या हळदीकुंकवात पुन्हा एका साडीवर करंडा कलंडला. यावेळी पाण्याचा तांब्या मीच बाजूला सरकवला. ताईला अंगणात उभं केलं, निऱ्या ताणून धरल्या, मागून टिचक्या मारल्या आणि ब्रशने झटकलं. नीट बघितलं तरच दिसेल एवढी गुलाबी झाक राहिली. साडी कोरडीच ड्रायक्लीनिंगला गेली आणि स्वच्छ परत आली. जावेच्या त्या पिवळ्या साडीचं ऋण मात्र माझ्याकडे अजून आहे.